लिंबोणीचं झबलं

सकाळी उठल्यावर गच्चीवर जायचं, लिंबोणीचं एक पान खुडायचं, जिना उतरून खाली यायचं आणि ते पान हिच्या नाकाशी चुरडायचं, एवढंच काम त्या दिवसांत माझ्याकडे होतं. ही म्हणजे माझी बायको. आम्ही एकमेकांना नावाने हाक मारायला कधी शिकलोच नाही. ती मला ‘अहो’ म्हणते आणि मी तिला ‘अगं’ म्हणतो.

मी पान चुरडायचो, ती डोळे मिटून श्वास आत घ्यायची आणि मी तिच्या कपाळावरच्या आठ्यांकडे बघत उभा राहायचो. परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखं मला व्हायचं, खरं तर परीक्षा तिची होती.

“काही?” मी विचारायचो.

“वास नाही. पण नाकाच्या मागे काहीतरी गार होतं. कुणीतरी दार किलकिलं करून पुन्हा लावून घ्यावं तसं.”

तेवढ्यावर आमचा दिवस जायचा.

ही साबण करायची. आमच्या घराच्या मागच्या खोलीत तेलाचे डबे, लाकडी साचे, काचेच्या काड्या आणि फडताळभर वासाच्या बाटल्या होत्या. बाटल्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. हिला त्यांची गरजच नव्हती. झाकण अर्धवट उघडलं की कुठली बाटली ते तिला कळायचं, आणि बाटली जुनी झाली असेल तर तेही कळायचं. मी जन्मभर वाचनालयात बसलो, पुस्तकांवर आकडे चिकटवण्यात हयात घालवली, त्यामुळे चिठ्ठ्यांवाचून चालणाऱ्या त्या खोलीचं मला फार अप्रूप होतं. मग हिला ताप आला. ताप उतरला, पण मागे अशक्तपणा ठेवून, आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. फोडणी जळाली तरी हिला कळेना. कपाटातली कापूस लावलेली अत्तराची कुपी हुंगून ती म्हणाली, “पाणी आहे हो यात.”

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की नाकाला पुन्हा शिकवावं लागतं. रोज सकाळ-संध्याकाळ तेच ते वास घ्यायचे, घाई करायची नाही, आणि घेताना तो वास आठवायचा. फडताळातली प्रत्येक बाटली हिने हुंगून पाहिली. एकीनेही दाद दिली नाही. बाजारातल्या लिंबाच्या सालीनेही नाही. फक्त गच्चीवरच्या आमच्या लिंबोणीच्या पानाने ते दार किलकिलं होत होतं. का, ते मला ठाऊक नाही. मी पुस्तकांत शोधलं, सापडलं नाही.

“लिंबोणीला ही पालवी आहे तोवर बघू,” ती एकदा साचे पुसता पुसता म्हणाली. “नाहीच आलं नाक तर साचे कुणालातरी देऊन टाकीन. न दिसणाऱ्याने चित्रं काढायची नसतात.”

मला अशा वेळी काय बोलायचं ते दुसऱ्या दिवशी सुचतं.

लिंबोणी एका जुन्या पिंपात होती. पिंपाला खाली भोकं पाडलेली, मातीवर पाचोळ्याचा थर. माझ्या खांद्याला लागेल इतकी उंच. नुकतीच तिला पालवी फुटली होती, आणि ती पानं इतकी कोवळी, की उन्हात हिरवी न दिसता पिवळसर, ओलसर दिसायची. मी शेजारी वेताच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचो. वाचता वाचता डुलकी लागायची आणि डुलकीतही मी त्याच पानावर असायचो, असं बऱ्याचदा झालं.

अशाच अर्धवट झोपेत मी ते फुलपाखरू पाहिलं. काळं, त्यावर पिवळे ठिपके, मागच्या पंखांवर एक एक विटकरी डाग. ते कुठेच नीट बसत नव्हतं. कोवळ्या पानाला पोट टेकवायचं आणि उडायचं, दुसऱ्याला टेकवायचं आणि उडायचं. वाचनालयात काही लोक यायचे, पुस्तक काढायचे, एखादी ओळ वाचायचे आणि ठेवून द्यायचे, त्यांची मला आठवण झाली. किती सुंदर चाळतंय झाड, असं मी मनाशी म्हणालो आणि पुन्हा डोळे मिटले.

ते अंडी घालत होतं. आता कळतं.

काही दिवसांनी पानांवर पाखरांची शीट दिसू लागली. काळपट तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, ओलसर चकचकीत, अगदी पाखराची असते तशी. मला तसल्या गोष्टींना हात लावायला शिसारी येते. पाऊस आला की धुऊन जाईल म्हणून मी ती तशीच राहू दिली आणि हिच्यासाठी पान तेवढं स्वच्छ फांदीवरचं खुडत राहिलो. पण मनातून पाखरांचा राग आला. हिच्या औषधावर घाण करतात म्हणजे काय!

खालच्या मजल्यावर मास्तर राहतात. शाळेतले मास्तर नव्हेत, टेलरमास्तर. दुकान मुलाने सांभाळायला घेतल्यापासून त्यांचे हात शिवशिवत असतात. मी त्यांना पाखरांचं सांगितलं.

“जाळी घाला,” मास्तर म्हणाले. “माझ्याकडे मच्छरदाणीचं कापड पडलंय. पाखरूच काय, डासही शिरणार नाही.”

“नुसतं टाकलं तरी चालेल.”

“टाकलं? अहो लायब्ररीवाले, मी टाकतो का कधी काही? माप घेऊ द्या.”

आणि खरंच त्यांनी गळ्यातली टेप काढून लिंबोणीचं माप घेतलं. खांदा, घेर, उंची. दोन दिवसांत झबलं तयार. चार काठ्यांवर ताणून बसवायचं, वर शिवलेला घुमट, खाली पिंपाच्या काठाशी आवळायला नाडी, आणि पान खुडायला हात घालता यावा म्हणून एका बाजूला छोटी चीर, तिलाही बंद. उरलेल्या तुकड्याची त्यांनी एक लहान पिशवी शिवली, “फळ धरलं की त्याला घाला टोपडं,” म्हणून. मी पाहिलेल्या बऱ्याच नवऱ्यामुलांचे कपडे त्या झबल्याइतके अंगासरसे नव्हते.

“वहिनी, तुमच्या झाडाला परकर-पोलकं करून दिलंय,” मास्तर जिन्यातून ओरडले.

ही खिडकीतून म्हणाली, “झाडाला शिवलंत, आणि माझं पोलकं तुमच्या दिवाणावर पडलंय कधीचं!”

“झाड हलत नाही वहिनी, माप बरोबर येतं.”

त्यानंतरचे थोडे दिवस मला फार छान गेले. सकाळच्या उन्हात ती जाळी धुक्यासारखी दिसायची आणि आतली लिंबोणी आठवणीतल्यासारखी पुसट. वारा आला की घुमट श्वास घेतल्यासारखा फुगायचा. बुलबुल कठड्यावर बसून आत बघायचे आणि चोच पुसून निघून जायचे. मला विजय मिळाल्यासारखं वाटायचं. मी चिरेतून हात घालायचो, जवळच्या फांदीवरचं पान चाचपून खुडायचो, चीर बांधायचो. पिंपाच्या काठावर बारीक, काळपट हिरव्या गोळ्या साठलेल्या दिसायच्या. कसलं तरी बी झडलं असेल म्हणून मी त्या फुंकरीने उडवून द्यायचो.

एका सकाळी चिरेतून हात घातला तर हाताला पान लागेना. काटा लागला. मी अजून खोल चाचपलं. पुन्हा काटाच. मला वाटलं मी अजून झोपेत आहे, स्वप्नात जिना संपतो आणि पुढची पायरी लागत नाही तसं. मग नाडी सोडली, झबलं वर उचललं.

आत लिंबोणी नव्हती. म्हणजे होती, पण काड्यांची. आदल्या संध्याकाळी जिथे पालवी होती तिथे नुसत्या शिरा उरल्या होत्या, काही ठिकाणी त्याही नाहीत. इतकी कापलेली, इतकी नीट, की कुणी कात्रीने केलं असावं. आणि त्या काड्यांना चिकटून, काड्यांच्याच रंगाच्या, बोटाएवढ्या हिरव्या गुबगुबीत अळ्या बसल्या होत्या. पोटाला तपकिरी तिरके पट्टे. शांत. जेवण झालेल्या माणसांसारख्या.

एका पानाच्या उरलेल्या टोकावर पाखराची शीट होती. मी तिच्याकडे बघत राहिलो, आणि ती चालू लागली.

तेव्हा सगळं एकदम कळलं. ती शीट कधीच शीट नव्हती. लहानपणी या अळ्या तसं सोंग घेतात, पाखरांनी तोंड लावू नये म्हणून, आणि मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. हे माझ्या एका पुस्तकात चित्रासकट होतं. मी ते वाचलंही होतं. पण पुस्तकातली अळी आणि माझ्या झाडावरची शीट या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. आणि त्यावर कळस म्हणजे, मी चोराला आत ठेवून कुलूप लावलं होतं. सोंगाला न फसणारा एखादा बुलबुल, एखादी गांधीलमाशी, ज्यांनी चार अळ्या उचलल्या असत्या, त्यांना मीच बाहेर उभं केलं होतं.

जिना उतरायला मला फार वेळ लागला.

ही हात पुढे करून बसली होती. “आज उशीर?”

“अगं,” मी म्हणालो, आणि थांबलो. “पानं संपली.”

“संपली म्हणजे?”

“अळ्यांनी खाल्ली. रात्रीतून. माझ्यामुळे. मी त्यांना जाळीत...”

तिने पुढे केलेला हात मांडीवर ठेवला. तिने मला रागावून बोलावं अशी माझी फार इच्छा होती. ती मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होती, जिथे साचे एकावर एक रचलेले होते, आणि मला वाटलं, आता ती उठेल आणि ते बांधायला घेईल.

ती उठली. मागच्या खोलीत गेली. आणि बादली घेऊन बाहेर आली.

“बिनवासाचा मऊ साबण आहे त्या बरणीत, तो घाला यात पाण्याबरोबर,” ती म्हणाली. “आणि चला. एकही पान नाही म्हणालात, की दिसलं नाही म्हणालात?”

“नीट पाहिलं नाही.”

“वाटलंच.”

तापानंतर ती पहिल्यांदाच गच्चीवर येत होती. प्रत्येक वळणावर थांबत, कठड्याला धरत. मास्तरांना चाहूल लागली असावी, तेही मागून आले. झबलं उचललेलं पाहून त्यांचा चेहरा पडला.

“शिवणीतून शिरल्या?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“नाही हो मास्तर. आत होत्याच.”

“मग माझी शिवण?”

“उत्तम होती. म्हणून तर एकही बाहेर जाऊ शकली नाही.”

“हां,” मास्तर जरा सावरले. “तरी म्हटलं.”

ही झाडापाशी बसली आणि फांद्या खालून वर बघत गेली. मी वरून बघत आलो होतो. तिने खालून पाहिलं, तर पिंपाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे वाकलेल्या एका फांदीवर जुनी जाड पानं शिल्लक होती. कडा कुरतडलेली, पण पानं. तिने एका पानाखाली बोट फिरवलं आणि बोटावर आलेला फिकट पिवळा, मोहरीपेक्षाही लहान दाणा मला दाखवला.

“हे बघा, फुटायचं राहिलेलं अंडं. फुलपाखरू एकेक सुटं घालतं. पुसून काढायचं. लहान अळ्या मास्तर बघतील, त्यांची नजर सुईची आहे. मोठ्या आपण काढू.”

“मी?” मी म्हणालो.

“नाही, शेजारच्यांना बोलावू.”

मी फडक्याने धरून एक अळी ओढायचा प्रयत्न केला. तिने फांदी सोडली नाही. मी घाबरून हात मागे घेतला. हिने पुढे होऊन उघड्या बोटांनी तिला मागून चिमटीत धरलं. त्याबरोबर अळीने डोकं मागे टाकलं आणि डोक्यामागून दोन शिंगं बाहेर आली, ओली, नारिंगी, एका देठाला फुटलेली. सापाची जीभ बाहेर यावी तशी आली, थरथरली. मास्तर दोन पावलं मागे सरकले.

ही मात्र हलली नाही. अळी तिच्या नाकापासून वीतभर लांब होती. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, रोज सकाळी पडत तशा, आणि मग त्यात काहीतरी वेगळं आलं. तिने नाक मुरडलं.

“शी,” ती म्हणाली.

मास्तर पुन्हा एक पाऊल पुढे आले.

“खवट आहे,” ती म्हणाली. “खवट लोण्यासारखं. आणि त्याच्या मागे लिंबाची साल... कुजलेली.” मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे मोठे झाले होते. “अहो, येतोय का तसा वास? की मला वाटतंय नुसतं?”

मी वाकलो. खवट लोण्याचा वास स्वच्छ येत होता. पुस्तकात त्या शिंगांबद्दल लिहिलं होतं, पण ते मी हिला कधीच सांगितलं नव्हतं. तिला आधी ठाऊक असण्याचा काही मार्ग नव्हता. तरीही मला खात्री करायची होती. माझा कशावरच पटकन विश्वास बसत नाही, आणि चांगल्या गोष्टीवर तर नाहीच.

“डोळे मिट,” मी म्हणालो.

तिने मिटले. मी माझं रिकामं बोट तिच्या नाकाशी धरलं.

“काही नाही.”

मी जीव मुठीत धरून दुसऱ्या अळीला काडीने टोचलं. शिंगं बाहेर आली. ती फांदीच हळूच तिच्याकडे वाकवली.

“शी!” ती म्हणाली, आणि डोळे मिटलेलेच ठेवून हसू लागली. “आणा, आणा, अजून एकदा आणा!”

मास्तर म्हणाले, “जन्मभर अत्तरं हुंगली वहिनींनी, आणि नाक उघडलं ते अळीच्या ढेकरेने.”

त्यानंतरची सकाळ कशी गेली ते मला नीट आठवत नाही, म्हणजे आठवतं, पण पाण्याखालून पाहिल्यासारखं. प्रत्येक अळी साबणाच्या पाण्यात जाण्याआधी हिच्या नाकापुढून जात होती. साऱ्यांनी शिंगं काढली नाहीत. काही नुसत्याच पडल्या. शेवटी शेवटी तिला तो वास पुसट झाला, मग नाहीसा झाला, आणि ती घाबरली. मी म्हणालो की वास घेऊन घेऊन माझंही नाक थकलंय. ते खरं होतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारणी केली. कडुनिंबाचं तेल पाण्यात नुसतं मिसळत नाही, तवंग होऊन वर राहतं. हिने कोमट पाण्यात आधी मऊ साबण विरघळवला, मग त्यात थेंब थेंब तेल सोडून ढवळलं, पाणी दुधासारखं झालं. तेलाच्या उग्र वासाने मी आणि मास्तर रुमाल लावून उभे होतो. ही शांतपणे ढवळत होती. त्या वासापर्यंत तिचं नाक अजून पोचलं नव्हतं.

“याने मोठ्या अळ्या मरत नाहीत,” तिने मास्तरांना सांगितलं. “त्या हातानेच काढायच्या. याने बारीक असतात त्यांचं खाणं सुटतं. पानाच्या खालून मारायचं, भर उन्हात नाही, आणि पाऊस झाला की पुन्हा.”

आधी एकाच डहाळीवर मारून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती करपली नाही तेव्हा बाकीचं झाड भिजवलं. फक्त भिंतीकडची ती फांदी मोकळी सोडली. फवारलेल्या पानाला तेलाचाच वास येणार, मग हुंगायचं काय? त्या फांदीला मास्तरांची छोटी पिशवी घातली, पण आधी मी प्रत्येक पान उलटून पाहिलं, दोन्ही बाजूंनी, उघड्या बोटांनी. शीट दिसली की तिला काडीने ढोसून बघायचं, हे मी आता शिकलो आहे. एकदा ती खरोखरच शीट निघाली.

एक अळी हिने मारली नाही. काचेच्या बरणीत, तोंडाला जाळीचा तुकडा बांधून, मागच्या खोलीत साच्यांशेजारी ठेवली. मला ते पटेना.

“अगं, ज्यांनी झाड खाल्लं त्यांनाच आपण पानं घालायची? तुझ्याच फांदीवरची?”

“एक मला, एक तिला,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलंय ना, रोज तोच वास. माझी मास्तरीण आहे ती.”

तर मग रोज सकाळी मी दोन पानं आणायचो. ही काडीने अळीला डिवचायची, शिंगं बाहेर, “शी”, मग माझ्या हातातलं पान. खवट वास रोज यायचा. पानाचा नाही. पण ती दोन्हींमध्ये काहीतरी शोधत असायची, गोष्टीत दोन ठिकाणी आलेला एकच शब्द शोधावा तसं. अळीला डिवचण्याची सवय झाली, ती शिंगं काढायला कंटाळा करू लागली. मग एके दिवशी तिने खाणं सोडलं, बरणीत उगाच फिरली, काडीवर चढली आणि कमरेला एक दोरा बांधून टेकून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे अळी नव्हती. हिरवट कोष होता.

“झालं,” ही म्हणाली. “मास्तरीण रजेवर.”

मी पान चुरडलं. तिने डोळे मिटले. मला बघवेना म्हणून मी कोषाकडे बघत राहिलो.

“हे तेच आहे,” ती म्हणाली.

“काय तेच?”

“खवटपणाच्या मागचं. तेच, पण कुजलेलं नाही.” तिने माझं मनगट धरून पान पुन्हा जवळ ओढलं. “हिरवं. अहो, हिरवं आहे. लांब आहे, पण आहे.”

त्या दिवशी तिने साचे खाली उतरवले, आणि मला धसका बसला. पण ती ते धूत होती. दुपारी फडताळातली एकच बाटली उघडून हुंगत होती, बंद करत होती, हुंगत होती. काही सापडलं का ते मी विचारलं नाही.

लिंबोणीला पुन्हा पालवी फुटली. झबलं धुऊन घातलं, आधी प्रत्येक डहाळी तपासून. नाडी मास्तरांनी स्वतः बांधली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “आत कोणी नाही ना? मोठ्याने विचारा एकदा.”

बरणीतला कोष काळा पडला आणि फुटला. फुलपाखरू काडीवर बसून बराच वेळ ओले पंख वाळवत होतं. हिने बरणी गच्चीवर नेली. ते उडालं, कठड्यावर टेकलं, आणि मग सरळ लिंबोणीकडे आलं. जाळीवर बसलं. पाय हलवत त्या घुमटावर फिरलं, आत कोवळी पानं दिसत होती. वारा आला, घुमट फुगला, फुलपाखरूही त्याच्याबरोबर वर खाली झालं.

“जा बाई,” ही म्हणाली. “दुसरीकडे बघ.”

ते गेलं नाही. मी खुर्चीत बसलो. पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही. हिने चिरेतून हात आत घातला, एक पान खुडलं, चीर बांधली, आणि माझी वाट न बघता स्वतःच चुरडलं.